श्रावणात घरी रुद्र करायचा आहे: एकादष्णी की लघुरुद्र? गुरुजींना आधी काय काय सांगावं लागतं?

अनघा_कल्याण
नमस्कार मंडळी. श्रावणातल्या एका सोमवारी घरी रुद्राभिषेक करायचं ठरतंय. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके आहे, देवघरात सासऱ्यांनी नर्मदेहून आणलेला छोटा बाण आहे, त्याच्यावरच करायचं. सासूबाईंचं म्हणणं लघुरुद्रच व्हावा, कारण गावी त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी व्हायचा. एका गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले अकरा जण लागतील, दुसरे म्हणाले पाच जणांत लघुरुद्र करून देतो. आता यातलं बरोबर कोणतं? शिवाय पहिल्या गुरुजींनी विचारलं "तुमची शाखा कोणती, गोत्र काय, पाणी कुठे काढणार" आणि मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही, यांनाही फक्त गोत्र माहितीये, भारद्वाज. पूजेच्या दुकानातून यादी आणली तर ती दोन पानी आहे, त्यात समिधा, हवनसामग्री, लाल कापड सगळंच आहे. एवढं खरंच लागतं का? कुणी अलीकडे केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

श्रीपादकाका_वाई
अनघाताई, आधी आकड्यांचं सांगतो म्हणजे पाच की अकरा ते तुम्हालाच कळेल.

नमकाचे अकरा अनुवाक आणि चमकाचे अकरा. नमक एकदा आणि चमक एकदा म्हटलं की एक रुद्र झाला, साध्या सोमवारी किंवा प्रदोषाला बहुतेक घरांत एवढंच होतं. एकादष्णीत नमक अकरा वेळा म्हणायचं, आणि प्रत्येक नमकानंतर चमकाचा एकेकच अनुवाक घ्यायचा. पहिल्या नमकानंतर "अग्नाविष्णू सजोषसे" वाला पहिला, दुसऱ्यानंतर दुसरा, असं करत अकराव्या नमकानंतर "एका च मे तिस्रश्च मे" वाला शेवटचा. म्हणजे नमकं अकरा आणि चमक सगळं मिळून एकच. अशा अकरा एकादष्णी म्हणजे लघुरुद्र, १२१ नमकं आणि ११ चमकं. त्याच्या अकरापट महारुद्र, १३३१, आणि त्याच्या अकरापट अतिरुद्र, १४६४१.

आता अकरा ब्राह्मण एकत्र बसून प्रत्येकी अकरा आवर्तनं म्हणतात तेव्हा १२१ भरतात. चांगली सवय असलेल्यांना एका नमकाला साधारण १० मिनिटं लागतात, वर चमकाचा अनुवाक, म्हणजे नुसतं म्हणणं दोन तासांच्या आसपास आणि पुढचीमागची पूजा धरून साडेतीन चार तास. पाच जणांनी अकरा अकरा केली तर ५५ होतात, ती झाली पाच एकादष्णी, लघुरुद्र नाही. पाच जणांत लघुरुद्र करायचाच असेल तर प्रत्येकाला २४ आणि एकाला २५ म्हणावी लागतील, म्हणजे चार तासांच्या वर अखंड पठण. दोन दिवस लावून करतात तसं, तेही चालतं. त्यामुळे त्या गुरुजींना सरळ विचारा, "प्रत्येकी किती आवर्तनं आणि किती वेळ". अकरा म्हणाले आणि दोन तासांत उरकतो म्हणाले तर हिशेब तुमच्यासमोर आहे.

तुमच्या घरात जागा किती ते बघा. अकरा ब्राह्मण, त्यांची आसनं, मधे पूजेची मांडणी, घरची माणसं आणि नंतर सगळ्यांची पानं. टू बीएचकेच्या हॉलमध्ये ते दाटीवाटीचं होतं. माझं स्पष्ट मत, एक किंवा दोन ब्राह्मण बोलावून एकादष्णी नीट स्वरात करा.

राहुल_इंदूर
तारीख ठरवण्याआधी शिववास बघितला का? आमच्याकडे त्याशिवाय घरात रुद्राभिषेक करतच नाहीत. तिथीची संख्या दुप्पट करायची, त्यात ५ मिळवायचे आणि ७ ने भागायचं. बाकी १ उरली तर शिव कैलासावर, २ तर गौरीजवळ, ३ तर नंदीवर, हे तीन चांगले. ४ सभा, ५ भोजन, ६ क्रीडा आणि शून्य उरलं तर स्मशान. उदाहरणार्थ शुद्ध पंचमी, ५ दुणे १०, अधिक ५ म्हणजे १५, बाकी १, उत्तम. शुद्ध तृतीयेला ११ होतात, बाकी ४, त्या दिवशी टाळायचं. वद्य पक्षात प्रतिपदेला १६ धरून पुढे मोजायचं. चुकीच्या दिवशी केलं तर उलटं फळ मिळतं.

श्रीपादकाका_वाई
राहुलजी, गणित तुमचं बरोबर आहे. पण ते काम्य अनुष्ठानाला, म्हणजे मनात काही एक हेतू धरून संकल्प सोडतात त्याला बघतात. श्रावणी सोमवार, प्रदोष, शिवरात्र, महाशिवरात्र, या दिवशी आमच्याकडे कुणी शिववास काढत बसत नाही, आणि ज्योतिर्लिंगाच्या ठिकाणी तर नाहीच. अनघाताईंना सोमवारच घ्यायचाय, त्यांनी निर्धास्त करावं. उलट फळाचं म्हणून कृपया कुणाला घाबरवू नका.

राहुल_इंदूर
घाबरवायचं नव्हतं काका, आमच्या पंडितजींनी सांगितलं ते लिहिलं. आमच्याकडे श्रावणातसुद्धा बघतात एवढं नक्की.

मेधा_प
अनघा, गुरुजींनी "पाणी कुठे काढणार" विचारलं ना, तो प्रश्न हलक्यात घेऊ नकोस. आमच्या भावाकडे एकादष्णी होती, पिंड ठेवली ताम्हनात, वर गळती टांगली, सगळं छान मांडलं. तिसऱ्या आवर्तनाला ताम्हन भरून पाणी पाटावर आणि तिथून सतरंजीवर. गुरुजींना मधे उठता येईना, म्हणणं तोडता येईना, आणि वहिनी वाटीवाटीने पाणी उपसतेय.

हिशेब आधी करता येतो. गळती स्वयंपाकघरात टांग, एक लिटर पाणी घाल आणि किती वेळात रिकामी होते ते घड्याळ लावून बघ. समजा १० मिनिटं लागली, तर ११० मिनिटांच्या पठणाला ११ लिटर. भोक मोठं असेल आणि ५ मिनिटांतच संपली तर २२ लिटर, म्हणजे मोठी बादली भरून वर. ताम्हनात अर्धा पाऊण लिटर मावतं फार तर. आणि एक, गळती भरलेली असते तेव्हा धार जोरात येते, पाणी खाली गेलं की मंदावते, म्हणून पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, अर्धी झाली की भर घालत राहायची. ते काम घरातल्या एकाला नेमून दे, त्याने दुसरं काहीच करायचं नाही.

श्रीपादकाका_वाई
मेधाताईंनी अगदी मुद्द्याचं लिहिलं. भोकातून दर्भाची काडी खाली सोडली की धार तिच्यावरून बारीक आणि सरळ उतरते, शिंतोडे उडत नाहीत. पिंड शाळुंकेत असेल तर तिचं तोंड उत्तरेला करायचं आणि त्याखाली पातेलं. नुसता बाण असेल तर तो छोट्या ताम्हनात, ते ताम्हन मोठ्या परातीत किंवा पसरट टोपात पाटावर, आणि दर दोन आवर्तनांनी परात बाजूने रिकामी करायची.

अजून एक, गळती तांब्याची असेल तर तिच्यात फक्त पाणी. दूध, दही तांब्यात घालायचं नाही, शास्त्रानेही निषेध आहे आणि दही तर कळकतंच. दूध वाहायचं असेल तर चांदीच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यातून पळीने हाताने वाहा. गळतीत मध, साखर घातलेलं पंचामृत ओतू नका, भोक बुजतं आणि ऐन पठणात धार थांबते. शंखाने शंकरावर पाणी घालत नाहीत हेही लक्षात असू द्या, शंखाची पूजा होते, पण अभिषेकाला तांब्या, गळती नाहीतर गोशृंग.

सुमेध_७७
आमच्याकडे दर संकष्टीला २१ आवर्तनं अथर्वशीर्षाची होतात, गुरुजी एकटेच येतात, तासाभरात होतं, लाल फुलं आणि दूर्वा आणून ठेवायच्या, बाकी काही लागत नाही. जास्त टेन्शन घेऊ नका.

अनघा_कल्याण
सुमेध, तो गणपतीचा अभिषेक ना, आमचा शंकराचा आहे. पण धन्यवाद.

काका आणि मेधाताई, खूप मदत झाली. गळती मोजून बघितली, १ लिटरला ७ मिनिटं, म्हणजे सोळा लिटर धरून चालते. सासूबाईंना १२१ चा हिशेब दाखवला, त्या एकादष्णीला तयार झाल्यात. पण त्यांचं म्हणणं पूर्ण वेळ दुधाचीच धार हवी. आणि पंचामृत नेमकं कधी घालायचं, आधी की मधे? शाखेचं काय करू?

गोदाकाठ
शाखेचं मी सांगतो, आम्ही माध्यंदिन, शुक्ल यजुर्वेदी. नाशिक, मराठवाडा, विदर्भ इकडे आमची घरं भरपूर. आमचा रुद्र वाजसनेयी संहितेतला सोळावा अध्याय, ६६ मंत्र, आणि चमक अठराव्यातलं. म्हणताना आम्ही रुद्राष्टाध्यायी घेतो, आधी शिवसंकल्प, मग पुरुषसूक्त, अप्रतिरथ, सूर्याचे मंत्र, पाचव्या अध्यायात मुख्य रुद्र, आठव्यात चमक, शेवटी शांत्यध्याय. एकादष्णीला पाचवा अध्याय अकरा वेळा फिरवतात आणि आठव्याचे अकरा भाग करून एकेक जोडतात. स्वरही हातवारे करून म्हणतात आमच्याकडे. ऋग्वेद्यांना स्वतःचा रुद्र नाही, त्यामुळे खरा रुद्र यजुर्वेद्यांकडूनच करून घ्यावा.

श्रीपादकाका_वाई
माहिती चांगली दिलीत, शेवटच्या वाक्याशी मात्र सहमत नाही. महाराष्ट्रातले ऋग्वेदी तैत्तिरीय संहितेतलं नमक-चमक म्हणतात, चौथ्या कांडातला पाचवा आणि सातवा प्रपाठक. हिरण्यकेशींचा तर तो स्वतःचाच. कित्येक पिढ्या घरोघर हेच चालत आलंय, खरा खोटा रुद्र असं काही नसतं.

अनघाताई, शाखा विचारतात ती एवढ्याचसाठी. पूजेचे मंत्र, संध्या, संकल्पातलं "अमुक शाखाध्यायी" हे शाखेप्रमाणे बदलतं. आणि दोन ब्राह्मण बोलावले तर दोघंही एकाच पाठाचे हवेत. एक तैत्तिरीय आणि एक माध्यंदिन शेजारी बसले तर एकत्र म्हणताच येत नाही, शब्द आणि स्वर दोन्ही वेगळे पडतात. घरात शाखा माहीत नसेल तर मुंजीत कुठलं सूत्र सांगितलं होतं ते एखाद्या चुलत्यांना विचारा, आश्वलायन म्हणजे ऋग्वेदी, कात्यायन म्हणजे माध्यंदिन. नाहीच कळलं तर गुरुजी त्यांच्या पद्धतीने करतील, काही अडत नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, तुमचं तर माहीत आहे.

पंचामृताचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आचमन, प्राणायाम, संकल्प, गणपतीपूजन, कलश शंख घंटा दीप यांची पूजा, मग देवाचं ध्यान. त्यानंतर पंचामृत, क्रमाने दूध, दही, तूप, मध, साखर, प्रत्येकाचा वेगळा मंत्र आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. दुधाला "आप्यायस्व", दह्याला "दधिक्राव्णो", तुपाला "घृतं मिमिक्षे", मधाला "मधुवाता", साखरेला "स्वादुः पवस्व". मग गंधाचं पाणी. त्यानंतर गंध, अक्षता, फूल, धूप, दीप आणि उरलेल्या पंचामृताचा नैवेद्य, ही झाली पूर्वपूजा. ते फूल उत्तरेला काढून ठेवायचं, निर्माल्य विसर्जन. आणि आता महाभिषेक सुरू, न्यास करून नमक. म्हणजे रुद्राची धार लागते तेव्हा पंचामृत होऊन गेलेलं असतं. अकरा आवर्तनं झाली की वेळेप्रमाणे पुरुषसूक्त वगैरे आणि शांतिमंत्र, मग बाण पुसून जागेवर, वस्त्र, भस्म, पांढरं गंध, बेल, फुलं, धूप, दीप, महानैवेद्य, आरती, मंत्रपुष्प. काही गुरुजी रुद्र चालू असताना मधेच दूध, दही घालायला सांगतात, त्यांच्या परंपरेत तसं असेल तर तसं करा, वाद घालू नका.

सासूबाईंना सांगा, सोळा लिटर दूध ओतायची गरज नाही. पंचामृताला अर्धा लिटर दूध, एक वाटी दही, दोन दोन चमचे तूप आणि मध, एक वाटी साखर, एवढ्याशा बाणाला हे पुष्कळ. त्यांच्या समाधानासाठी प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला चमचाभर दूध पळीने वाहू द्या, गळतीची पाण्याची धार चालू राहील आणि दूधही होईल.

मेधा_प
आणि पंचामृताचं तीर्थ वेगळ्या वाटीत धरून ठेव गं, नंतरच्या सोळा लिटर पाण्यात ते मिसळलं तर तीर्थ म्हणून द्यायला नुसतं फिकट पाणी उरतं. वाटी चांदीची नाहीतर स्टीलची घे. बाकीचं पाणी झाडांना घाल, पण दूधसाखरेचं कुंडीत घालू नकोस, मुंग्या लागतात, खाली सोसायटीच्या मोठ्या झाडाला.

अनघा_कल्याण
बेल किती आणू? यादीत १०८ लिहिलाय आणि सोमवारी सकाळी ताजा आणायचा विचार होता.

श्रीपादकाका_वाई
सोमवारी बेल तोडत नाहीत. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या आणि संक्रांतीलाही नाही. रविवारी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, बेल शिळा होत नाही, वाहिलेला धुऊन परत वाहिला तरी चालतो. तीन पानांचा, न फाटलेला निवडा. अभिषेक चालू असताना बाणावर एखादं पान पुरे, बाकीचा बेल नंतर अर्चनेला, पालथा वाहायचा. १०८ मिळाला तर नावं घेत वाहा, नाही मिळाला तर अकरा वाहा. केवडा आणि तुळस नको.

यादीतल्या समिधा, हवनसामग्री सगळं काढून टाका, एकादष्णीला होम नसतो. लाल कापडही नको. सुपाऱ्या, विड्याची पानं, नारळ, अक्षता, गंध, भस्म, जानवं, कापसाची वस्त्रं, फुलवाती, कापूर, फळं, सुटी नाणी, पंचामृत, बेल आणि पांढरी फुलं, घरातलंच बहुतेक. सुपाऱ्या थोड्या जास्त ठेवा, आवर्तनं मोजायला अकरा बाजूला लागतात.

निनाद_न्यूजर्सी
इंटरेस्टिंग धागा. आम्ही इथे दरवर्षी करतो, गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात आणि आम्ही इथे धार धरतो. खाली कार्पेट असल्यामुळे पाण्याचा प्रश्न आम्हालाही होताच, आता किचनच्या ओट्यावर सिंकच्या शेजारी मांडतो, पाणी घमेल्यात. बेल मिळत नाही म्हणून चांदीचं बेलपान घेतलंय, तेच धुऊन वापरतो. माझी शंका वेगळीच, कॉलवर आवाज अर्धा एक सेकंद उशिरा येतो, मधे तुटतो, तर तुटलेला भाग झाला असं धरायचं का? आणि संकल्पात देश कुठला म्हणायचा, गुरुजींचा की आमचा? आमचे गुरुजी "जंबुद्वीपे" ऐवजी दुसरं काहीतरी म्हणतात.

गोदाकाठ
माझ्या मते यजमान जिथे बसलाय तिथला देश. तिथी मात्र तुमच्याकडची धरायची की इकडची यावर आमच्याकडच्या शास्त्रीबुवांचंही एकमत नाही.

श्रीपादकाका_वाई
निनादराव, म्हणणारा म्हणतोय ते पूर्णच आहे, तुमच्या कानापर्यंत पोचलं नाही म्हणून आवर्तन अपुरं राहत नाही, असं मला वाटतं. पण मी स्वतः कॉलवर कधी केलेलं नाही, तेव्हा जास्त ठासून बोलत नाही.

वृंदा_सातारा
मला एक विचारायचंय. मी आणि आमच्या गटातल्या सातजणी रुद्र शिकलोय, स्वरासकट, दोन वर्षं लागली. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्री पुरोहित तयार केलेत हे सगळ्यांना माहितीये. अनघाताईंच्या घरी गुरुजींबरोबर घरातल्या बायका म्हणू शकतात का, की नुसतं बसायचं?

श्रीपादकाका_वाई
यावर माझं मत जुनंच आहे, वैदिक पठण गुरुजींनी करावं, घरच्यांनी पंचाक्षरीचा जप करावा. तुम्ही शिकलात ते कष्टाने शिकलात याबद्दल आदरच आहे. गुरुजींना आधी विचारून घ्या, ऐन वेळी सूर लावला तर त्यांचा क्रम चुकतो.

वृंदा_सातारा
काका, तुमचं मत पटत नाही पण आधी विचारायचं हे पटलं. आम्ही घरोघरी म्हणतो आणि लोक आनंदाने बोलावतात.

अनघा_कल्याण
गुरुजींना परत फोन केला. एकादष्णी, दोन ब्राह्मण, दोघंही ऋग्वेदी, आमचीही शाखा तीच निघाली, चुलत सासऱ्यांनी लगेच आश्वलायन सूत्र सांगितलं. गुरुजींनी अजून विचारलं ते इथे लिहिते म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल. घरातल्या सगळ्यांची नावं आणि नातं कागदावर लिहून ठेवा, संकल्पाला लागतात. घरात सोयर सुतक नाही ना. यजमान जमिनीवर दोन अडीच तास बसू शकतील ना, नाहीतर उंच पाटाची सोय. आम्ही उपाशी येतो, आल्यावर चहा किंवा दूध चालेल, पठण झाल्यावर जेवण, कांदा लसूण नको. पूजेच्या जागी पंखा डोक्यावर नको, समई विझते, टेबल फॅन बाजूने लावा. आणि दक्षिणा त्यांनी आधीच मोकळेपणाने सांगितली, मला ते बरं वाटलं.

सासूबाईंचं आता म्हणणं आहे की घरी एकादष्णी झाल्यावर घृष्णेश्वरला जाऊन तिथेही करू.

गोदाकाठ
घृष्णेश्वरला गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, सदरा बनियन काढून, ते यांना आधी सांगून ठेवा. श्रावणी सोमवारी तिथे निवांत आवर्तनं होणं अवघड, रांग मागून ढकलत असते, मधल्या वारी जा. घरून पंचामृत न्यायच्या आधी देवस्थानात विचारा. झिजेमुळे बऱ्याच ठिकाणी नियम बदललेत, उज्जैनला महाकालाच्या पिंडीला भाविकांनी घासायचं नाही असं सुप्रीम कोर्टानेच २०२० साली सांगितलंय.

मेधा_प
अनघा, बाण घरचाच आहे तर पंचामृतानंतर कोमट पाण्याने नीट धुऊन कोरड्या कापडाने पुसून ठेव, तुपाचा ओशटपणा राहिला तर नंतर काळपट थर धरतो. आणि गळती आधी एकदा चिंच लावून घासून घे, वर्षभर न वापरलेल्या गळतीचं भोक हमखास बुजलेलं असतं, सुई घालून मोकळं कर आणि मग परत एकदा १ लिटरची वेळ मोज, धार वाढलेली असेल.